प्रश्न आधी आपल्या भाषेत सांगा

एक प्रश्न घेऊ. हा मी सरावासाठी तयार केलेला आहे, पण नेटच्या किंवा लोकसेवा आयोगाच्या पेपरात असाच भेटतो. संविधानाच्या कलम १६(४) बद्दल खालीलपैकी कोणते विधान बरोबर नाही? पहिला पर्याय: हे कलम मागास वर्गासाठी नोकऱ्यांत आरक्षण ठेवण्यापासून राज्याला रोखत नाही. दुसरा: प्रतिनिधित्व पुरेसे आहे की नाही, याबद्दलचे मत राज्याने बनवायचे आहे. तिसरा: या कलमानुसार आरक्षण ठेवणे राज्यावर बंधनकारक आहे. चौथा: हे कलम नेमणुका आणि पदे यांच्याबद्दल आहे. आता हा सगळा मजकूर इंग्रजीत आहे असे समजा, आणि घड्याळ चालू आहे.

चुकणारी मुले बहुतेक पहिल्या पर्यायावर चुकतात. का, ते बघण्यासारखे आहे. मूळ कलमाची सुरुवात ‘नथिंग इन धिस आर्टिकल शॅल प्रिव्हेंट’ अशी होते. त्यात ‘नथिंग’ हा एक नकार आणि ‘प्रिव्हेंट’ म्हणजे अडवणे हा दुसरा. प्रश्नातला ‘नॉट करेक्ट’ हा तिसरा. तीन नकार एकावर एक चढले की डोके शेवटचा नकार धरते आणि बाकीचे सोडून देते. पर्यायात ‘रोखत नाही’ दिसले, प्रश्नात ‘नाही’ दिसले, दोन्ही जुळले, केले क्लिक. आरक्षणाबद्दल ज्या मुलाला रात्रभर बोलता येईल, त्याचे दोन गुण आरक्षणाच्याच प्रश्नावर जातात.

हेच कलम मराठीत तोंडाने सांगून बघा. पुस्तकी मराठी नको, कारण संविधानाच्या मराठी प्रतीतही नकारांची ठेवण इंग्रजीसारखीच आहे. आईला सांगतो तसे सांगा: “सरकारला वाटलं की अमुक समाजाची माणसं नोकरीत पुरेशी नाहीत, तर सरकार त्यांच्यासाठी जागा राखून ठेवू शकतं. हे कलम आड येत नाही.” इथे ‘शकतं’ हे क्रियापद आपोआप आले, आणि तिसऱ्या पर्यायातले ‘बंधनकारक’ त्याला लागलीच खटकते. ठेवू शकतं आणि ठेवलंच पाहिजे, यातला फरक मराठी कानाला शिकवावा लागत नाही. उत्तर तिसरे. सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या मुकेश कुमार विरुद्ध उत्तराखंड राज्य या निकालात हेच म्हटले, की हे कलम राज्याला मुभा देते, सक्ती करत नाही. निकाल आपल्याला पटो न पटो, परीक्षेत कलमाचा अर्थ विचारलाय, आपले मत नाही. हेही प्रश्न स्वतःच्या भाषेत सांगितला की वेगळे काढता येते.

मी श्रीपेरुंबुदूरला राहते. चेन्नईहून बंगळुरूच्या रस्त्याला लागले की चाळीसेक किलोमीटरवर हे गाव येते. बाहेरच्यांना ते मोटारी आणि मोबाईलच्या कारखान्यांमुळे माहीत असते, पण राजीव गांधी राष्ट्रीय युवा विकास संस्थाही इथेच आहे. तिथे एम. ए. करायला देशभरातून मुले येतात, त्यात विदर्भ-मराठवाड्यातलीही असतात. रविवारी आम्ही सातआठ जण जमून नेटचे जुने पेपर सोडवतो. त्यात एक इथलीच मैत्रीण आहे, तमिळ. तिच्याकडे ‘मुदल पट्टदारी’ असल्याचा सरकारी दाखला आहे. मुदल पट्टदारी म्हणजे घरातला पहिला पदवीधर. तमिळनाडूत हा दाखला दाखवला की व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या शिक्षण शुल्कात सवलत मिळते. आमच्यातले सगळेच मुदल पट्टदारी, फक्त आमच्याकडे कागद नाही.

या बैठकीत आम्ही एक नियम पाळतो. पेपर तपासून झाला की चुकलेला प्रत्येक प्रश्न पुन्हा घ्यायचा, पर्याय हाताने झाकायचे, आणि ज्याचा चुकला त्याने तो प्रश्न आपल्या भाषेत शेजाऱ्याला सांगायचा. इंग्रजी शब्द न शब्द वाचून दाखवायचा नाही. मग पर्याय उघडून पुन्हा उत्तर द्यायचे. आता उत्तर बरोबर आले, तर वहीत ‘भा’ लिहायचे, म्हणजे भाषेने घालवलेला गुण. तरीही चुकले, तर ‘वि’, म्हणजे विषयच येत नाही. दोन्हीचा उपाय वेगळा आहे. ‘वि’ असेल तर पुस्तक उघडावे लागते. ‘भा’ असेल तर आणखी चार पुस्तके वाचून काही होत नाही, आणि आपली बहुतेक मुले नेमके तेच करत बसतात. मार्क कमी पडले की आपला अभ्यास कमी पडला, असे आपण धरून चालतो. घरात विचारायला कोणी नसते, आणि क्लासमध्ये ऐकायला मिळते की इंग्रजीत विचार करा. त्यामुळे मनात मराठीत प्रश्न घोळवणारी मुले ते चोरून करतात, जणू काही कमीपणाच आहे. खरे तर चोरून केल्यानेच ते अर्धवट होते. शब्दाला शब्द लावला जातो आणि वाक्य तसेच राहते.

आपल्या भाषेत सांगितल्याने नेमके काय घडते? इंग्रजी वाक्यात नकार आणि अट बहुधा लवकर येऊन जातात, आणि नंतर नामांची मोठी रांग लागते. रांगेच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवातीचा छोटा शब्द निसटतो. मराठीत क्रियापद शेवटी येते आणि नकार त्याला चिकटून येतो: करतो की करत नाही, हे सांगितल्याशिवाय वाक्य संपतच नाही. म्हणजे मराठीत सांगायला लागलात की नकाराचा निकाल लावावाच लागतो. तमिळमध्येही हेच आहे. त्यांचा ‘इल्लै’ शेवटी येतो. आमची तमिळ मैत्रीण आपला प्रश्न तमिळमध्ये पुटपुटते, तेव्हा आम्हाला अर्थ कळत नाही, पण शेवटी ‘इल्लै’ आला की नाही एवढे सगळ्यांना कळते, आणि तेवढ्यावरही कधीकधी तिची चूक आम्ही पकडतो.

दुसरी गोष्ट म्हणजे आपला ‘च’. इंग्रजीतले ‘ओन्ली’, ‘इफ’, ‘ओन्ली इफ’, ‘अनलेस’ हे शब्द तर्काच्या प्रश्नांत सगळ्यात जास्त गुण खातात. नेटचीच पात्रतेची अट घ्या. खुल्या प्रवर्गासाठी पदव्युत्तर पदवीला किमान ५५ टक्के आणि आरक्षित प्रवर्गांसाठी ५० टक्के लागतात. समजा प्रश्नात हीच अट अशी आली: खुल्या प्रवर्गातला उमेदवार पात्र नाही, ‘अनलेस’ त्याचे गुण ५५ टक्क्यांपेक्षा ‘नॉट लेस’. शाळेत ‘अनलेस’चे भाषांतर ‘जोपर्यंत नाही तोपर्यंत नाही’ असे शिकवतात. ते इथे लावून बघा: जोपर्यंत ५५ पेक्षा कमी नाहीत असे नाही, तोपर्यंत पात्र नाही. हे मराठी नव्हे, इंग्रजीचेच हाल आहेत. सरळ सांगा: “५५ किंवा जास्त असतील तरच पात्र.” पूर्ण अट ‘तरच’ या एका शब्दात बसली.

आता प्रश्न विचारतो की यावरून कोणता निष्कर्ष निघतो. एक पर्याय म्हणतो, ज्याला ५८ टक्के आहेत तो पात्र आहे. दुसरा म्हणतो, जो पात्र आहे त्याला किमान ५५ टक्के आहेत. इंग्रजीत दोन्ही सारखेच खरे वाटतात. मराठीत पहिल्याला ‘५५ असतील तर पात्र’ असे सांगावे लागते, आणि आपल्याकडे दिलेले वाक्य ‘तरच’चे आहे. ‘तर’ म्हणजे एवढे पुरे. ‘तरच’ म्हणजे एवढे हवेच, पण आणखीही काही लागू शकते. ५८ टक्केवाल्याची आणखी एखादी अट राहिली असेल. म्हणून दुसरा पर्याय बरोबर. तर्कशास्त्राच्या पुस्तकात यालाच आवश्यक अट आणि पुरेशी अट म्हणतात आणि दोन पाने खर्च करतात. पाने वाचावीत, पण पेपरात ‘च’ लावून बघावा. ‘फ्यू’ आणि ‘अ फ्यू’ यांचेही तसेच. पहिले ‘थोडेच’, दुसरे ‘थोडे तरी’. तमिळमध्ये ‘च’चे काम ‘दान’ हा प्रत्यय करतो, म्हणून ही युक्ती त्या मैत्रिणीला समजावून सांगावी लागली नाही.

तिसरा प्रकार विधान आणि कारण यांचा. एक विधान, एक कारण, दोन्ही खरी आहेत का, आणि असली तर दुसरे पहिल्याचे योग्य स्पष्टीकरण आहे का. इथे मुले ‘दोन्ही खरी’ दिसले की थांबतात आणि ‘योग्य स्पष्टीकरण’वर खूण करतात. विधान असे समजा: १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने कलम १५(४) आले. कारण असे समजा: सर्वोच्च न्यायालयाने चंपकम दोराईराजन खटल्यात मद्रास सरकारचा जातवार जागावाटपाचा आदेश रद्द केला. हा खटला इथल्याच राज्यातला. मद्रास सरकारच्या आदेशाने वैद्यकीय आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या दर १४ जागा समाजवार वाटल्या होत्या. एप्रिल १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश घटनाविरोधी ठरवला आणि जूनमध्ये घटनादुरुस्ती झाली. दोन वाक्ये ‘म्हणून’ने जोडा: “न्यायालयाने आदेश रद्द केला, म्हणून १५(४) घालावे लागले.” वाक्य नीट उभे राहते. म्हणजे स्पष्टीकरण बरोबर.

आता विधान तेच ठेवा आणि कारण बदला: नोकऱ्यांसाठीचे १६(४) संविधानात सुरुवातीपासून होते. हेही खरे आहे, विषयही जवळचा आहे. जोडून बघा: “१६(४) आधीपासून होते, म्हणून १५(४) घालावे लागले.” जीभ अडखळते. सरळ माणूस इथे ‘म्हणून’ म्हणणार नाही, तो म्हणेल, “नोकरीसाठी तरतूद होती, पण शिक्षणासाठी नव्हती.” न्यायालयानेही हाच फरक दाखवला होता, की नोकऱ्यांच्या कलमात जशी सोय आहे तशी महाविद्यालयाच्या प्रवेशाच्या कलमात नाही. म्हणजे दोन्ही विधाने खरी, पण एकट्याने दुसरे पहिल्याचे कारण होत नाही. जिथे ‘म्हणून’च्या जागी तोंडात ‘पण’ किंवा ‘शिवाय’ येतो, तिथे ‘योग्य स्पष्टीकरण’चा पर्याय सोडून द्यायचा.

ही पद्धत कुठे फसते तेही सांगायला हवे. पहिले म्हणजे पारिभाषिक शब्दांचे मराठी करू नका. ‘स्टँडर्ड डेव्हिएशन’, ‘व्हॅलिडिटी’, ‘सँपलिंग’ हे शब्द जसेच्या तसे राहू द्या आणि त्यांच्याभोवतीचे वाक्य फक्त आपले करा. प्रश्नात काय शोधायचे आहे ते आपल्या भाषेत, आणि कशात शोधायचे आहे ते पेपरच्या भाषेत. बैठकीत एकाने ‘रिलायबिलिटी’चे मनात ‘विश्वास’ केले आणि नंतर ‘व्हॅलिडिटी’साठी त्याच्याकडे शब्दच उरला नाही.

दुसरी फसगत जास्त खोल आहे, कारण ती मराठीच करते. तर्काच्या प्रश्नातला ‘सम’ आपण ‘काही’ असा घेतो. बोलताना आपण “काही मुलं आली” म्हणतो, तेव्हा काही आली नाहीत हेही सांगत असतो. तर्कशास्त्रातल्या ‘सम’मध्ये तसे काही नसते. निदान एक तरी आहे, आणि कदाचित सगळेही असतील, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून ‘काही शिक्षक पदवीधर आहेत’ यावरून ‘काही शिक्षक पदवीधर नाहीत’ असे निघत नाही. मराठी कान म्हणतो, निघते. इथे ‘काही’ हा शब्दच टाळून ‘निदान एक तरी’ असे सांगायची सवय लावावी लागते. ‘ऑर’चाही असाच घोटाळा. चहा किंवा कॉफी म्हटले की घरात एकच मिळते. तर्काच्या प्रश्नात, वेगळे सांगितले नसेल तर, दोन्ही चालतात.

वेळेचे गणितही आहे. नेटला दोन्ही पेपर मिळून १५० प्रश्न आणि तीन तास, म्हणजे प्रश्नामागे ७२ सेकंद. सगळेच प्रश्न मराठीत सांगत बसलात तर पेपर उरकणार नाही, आणि गरजही नाही. एखाद्या अहवालाचे वर्ष विचारले असेल तर सरळ खूण करा. नकार, अट, ‘सर्वात कमी’, ‘वगळता’, विधान-कारण असे काही दिसले तरच थांबायचे. प्रश्नाची शेवटची ओळ आधी वाचायची, कारण काय शोधायचे ते तिथे असते. “मला खोटं विधान शोधायचंय,” एवढे मनात म्हणायचे आणि मगच पर्यायांकडे जायचे. ओठ हलले तरी चालतात, आवाज नको. सुरुवातीला याला अर्धा मिनिट लागतो. दीडदोनशे प्रश्न झाले की पाचसात सेकंदांत होते, हा आमच्या बैठकीचा अनुभव.

राहिला पडद्यावरचा हिंदी मजकूर. नेटच्या संगणकावर प्रश्न इंग्रजी आणि हिंदीत असतात. मराठी मुले लिपी एकच म्हणून अडल्यावर हिंदीकडे वळतात, आणि तिथे वेगळाच खड्डा असतो. हिंदीत ‘संशोधन’ म्हणजे दुरुस्ती, आपल्याकडे ते रिसर्च. ब्लूमचे ‘संशोधित वर्गीकरण’ म्हणजे सुधारित वर्गीकरण, पण संशोधनावर प्रश्न येणाऱ्या पेपरात मराठी डोळा तिथे भलतेच वाचतो. हिंदीतली ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, ‘अभ्यास’ म्हणजे सराव, ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न. शब्द ओळखीचा दिसतो म्हणून आपण थांबत नाही, आणि न थांबणे हीच अडचण. शिवाय अनुवादात संदिग्धता असेल तर इंग्रजी मजकूरच अंतिम धरला जाईल, असे परीक्षेच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेले असते. म्हणून हिंदीवर नजर टाकायचीच, तर इंग्रजीवरून आपले मराठी वाक्य तयार झाल्यावर, पडताळा म्हणून टाकावी.

हे सगळे इंग्रजीविरुद्ध आहे असे कोणी समजू नये. सावित्रीबाईंनी इंग्रजी शिका म्हणून कविता लिहिली, तो सल्ला आजही चालू आहे. पण बारावीनंतर अभियंता होण्यासाठी दिली जाणारी जेईई मेन २०२१ पासून १३ भाषांत होते आणि त्यात मराठी आहे. वैद्यकीय प्रवेशाची नीट मराठीत देता येते. केंद्राच्या कर्मचारी निवड आयोगाची एमटीएस परीक्षाही २०२३ पासून मराठीत देता येते. मग ज्याला पुढे महाविद्यालयात याच मुलांना मराठीत समाजशास्त्र किंवा राज्यशास्त्र शिकवायचे आहे, त्याची नेट परीक्षा मराठीत का नाही? भाषाविषयांचे पेपर सोडले तर तिथे फक्त इंग्रजी आणि हिंदी. तमिळ मैत्रिणीच्या वाट्याला तर हिंदीचा आधारही येत नाही. तिला समाजकार्याचा पेपर इंग्रजीतच द्यायचा आहे, आणि तिच्या भावी वर्गातली निम्मी मुले तमिळ माध्यमातून आलेली असतील. परीक्षा घेणाऱ्या राष्ट्रीय चाचणी संस्थेकडे जेईईसाठी या भाषांतल्या अनुवादकांची व्यवस्था आधीच आहे. निदान सर्वांना समान असलेला पहिला पेपर, ५० प्रश्नांचा, त्या भाषांत द्यायला सुरुवात करता येईल.

तोवर येत्या रविवारी एखादा जुना पेपर काढा, पर्याय झाका, आणि वहीत ‘भा’ किती आणि ‘वि’ किती ते मोजा.